सेलचा ढीग, वैशाखाचा खड्डा

भिवंडीच्या धामणकर नाक्यावरच्या कापडदुकानात मला नोकरी मिळाली ती माझ्या डोक्यामुळे नाही, अक्षरामुळे. शेटना बिलावर स्वच्छ अक्षर हवं होतं. मी बी.कॉम. झालेली, त्यात संख्याशास्त्रात वर्गात पहिली आलेली, आणि हे कुणी विचारत नाही याचा मला फार राग यायचा. म्हणून कामाच्या जोडीला मी न सांगता हिशेबी उद्योग करत बसायचे. कुठल्या वारी किती साड्या जातात, पाऊस असला की चादरी किती जातात, असलं काहीतरी. शेट माझ्या वहीकडे बघून हसायचे आणि मला ‘मॅडम’ म्हणायचे. त्या म्हणण्यात थोडी टिंगल होती, पण दुष्टपणा नव्हता.

शेट अंजूरचे. घरची शेती खाडीच्या बाजूला. वडिलांनी भाताच्या जोडीला कापडाचे गठ्ठे विकायला सुरुवात केली आणि शेटनी त्याचं दुकान केलं. दुकान लांबट होतं, मागच्या बाजूला लूमची खडखड चोवीस तास. दिवसभर ओरडून बोलायची सवय लागल्यामुळे आम्ही घरीसुद्धा ओरडूनच बोलायचो. गादीवर साड्या पसरायला एक वयस्कर चाचा होते. मालेगावकडून तरुणपणी लूमवर आले होते, कान अधू झाले तेव्हा लूम सोडून दुकानात आले. त्यांना अर्ध्या तालुक्यातली घरं तोंडपाठ होती.

आमच्या दुकानाची एक रीत होती. लग्नाचा बस्ता बांधला, म्हणजे नवरीच्या, वरमाईच्या, मानाच्या सगळ्या साड्या एकदम घेतल्या, की चाचा एक चिठ्ठी लिहायचे. गाव, घर, कुणाचं लग्न आणि लग्नाची तारीख. ती चिठ्ठी बिलाच्या दुसऱ्या प्रतीला टाचून ठेवायची. कारण लग्नाच्या दिवशी दुकानातून त्या घरी एक नारळ आणि एक खण जायचा. शेटच्या वडिलांनी घालून दिलेली पद्धत होती. मला ती भाबडी वाटायची. नारळामागे माणूस पाठवायचा, रिक्षा करायची, आणि मिळायचं काय, तर मांडवातलं सरबत.

नव्वद साल सरलं होतं. शेट मुंबईला कुणाकडे तरी गेले आणि तिथल्या एका दुकानाबाहेरची रांग बघून आले. आल्या आल्या म्हणाले, “मॅडम, आपन पन सेल लावाचा.” भिवंडीत तेव्हा असं कुणी केलं नव्हतं. शिमग्याच्या आधीचे पंधरा दिवस ठरले. आठवडाभर आधी शेट रिक्षावर भोंगा लावून काल्हेर, मानकोली, अंजूर, पार खारबावपर्यंत ओरडून आले. लुंगी सोडून सगळ्यावर सूट. लुंगीवर सूट नको, ती लूमवाले घेणारच, असं शेटचं म्हणणं.

त्या पंधरा दिवसांत काय झालं ते मी कधी विसरणार नाही. शटर वर जायच्या आधी बायका उभ्या असायच्या. टेम्पो भरून गावंच्या गावं यायची. गादीवर पाय ठेवायला जागा नव्हती. चाचांचा आवाज बसला, शेवटी ते हातवारे करून साड्या दाखवत होते. आम्ही जेवलो कधी, बसलो कधी, देव जाणे. शेवटच्या दिवशी फळ्या रिकाम्या बघून मला भीतीच वाटली. एवढी माणसं कुठून आली आणि एवढं कापड गेलं कुठे? लहानपणी खाडीला भरतीचं पाणी चढताना बघून असंच वाटायचं.

शेटनी विचारलं, “किती झाला?” आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझी विद्या दाखवायची संधी मिळाली. मी रुपये मोजले नाहीत. सूट दिल्यावर रुपये फसवतात एवढं मला कळत होतं, म्हणून नग मोजले. सेलच्या पंधरा दिवसांत साड्या किती, त्याआधीच्या पंधरा दिवसांत किती. सुबक तक्ता केला, लाल शाईने खाली रेघ मारली आणि सांगितलं, “तिप्पट, शेट.”

त्या ‘तिप्पट’ शब्दाने पुढचं सगळं घडलं.

शेटनी तो तक्ता घडी करून खिशात ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागले. आठवड्याभरात त्यांच्या डोक्यात मानकोलीच्या नाक्यावरचं दुसरं दुकान उभं राहिलं. याच्या दुप्पट मोठं, हायवेला तोंड करून. त्यासाठी अंजूरचं खाडीकडचं शेत विकायचं. तिथे गोदाम बांधायला टपलेला एक माणूस होताच, दोन वर्षं मागे लागला होता. शेट त्याला हो म्हणाले. कागद मात्र अक्षयतृतीयेला करू म्हणाले, कारण मधे दिवस बरे नव्हते. ‘दिवस बरे नव्हते’ म्हणजे काय हे मी विचारलं नाही. आमच्या घरी दिवस बघून काही करत नाहीत. आम्ही बौद्ध, आमच्याकडे रविवार सापडला की लग्न.

त्या शेताबद्दल मला माहीत होतं, कारण शेटची बायको म्हणजे आमच्या वहिनी ते शेत स्वतः करायच्या. एवढ्या मोठ्या दुकानदाराची बायको लावणीला गुडघाभर चिखलात उभी राहते, याची नाक्यावर चेष्टा व्हायची. वहिनींना त्याचं काही नव्हतं. दर दिवाळीनंतर त्या आम्हा सगळ्यांना नवा तांदूळ पाठवायच्या. शेत विकणार हे कळल्यावर त्या साली मात्र त्यांनी पुढच्या पेरणीसाठी वालाचं बी बाजूला काढलं नाही, असं ऐकलं.

शिमगा झाला आणि दुकान ओस पडलं.

आधी आठ दिवस वाटलं, लोक दमले असतील. मग पंधरा दिवस. चैत्र लागला, पाडवा गेला, बस्त्याचे दिवस आले, आणि चाचा गादीवर बसून माश्या मारत होते. शेट म्हणायचे, “थांब जरा, उसळंल.” मला मात्र झोप लागेना. मी ग्राफचे कागद आणले, चिकटवून लांब पट्टी केली आणि गेल्या वर्षीची आणि या वर्षीची बिलबुकं घेऊन दुपारच्या सामसूम वेळात बसू लागले. एक चौकोन म्हणजे दहा साड्या. गेल्या वर्षीची रेघ निळी, या वर्षीची लाल.

पहिला धक्का तिथेच बसला. सेलच्या आधीच्या आठवड्यात लाल रेघ निळीच्या बरीच खाली होती. म्हणजे आमचा भोंगा गावोगाव फिरत होता तेव्हा लोक साड्या घ्यायचे थांबले होते! ज्या पंधरवड्याशी तुलना करून मी ‘तिप्पट’ म्हटलं, तो पंधरवडाच आम्ही स्वतःच्या हाताने उपाशी ठेवला होता. गेल्या वर्षीच्या त्याच दिवसांशी ताडून बघितलं तर तिप्पट नव्हतं, दुपटीच्याही आत होतं. संख्याशास्त्रात पहिली आलेली बाई, आणि खड्ड्यात उभं राहून डोंगराची उंची मोजली होती!

पण पुढचं त्याहून भयंकर होतं. सेलच्या जागी लाल रेघेचा मोठा ढीग, आणि त्यानंतर खड्डा. खड्डा वाढतच चाललेला. मी चौकोन मोजले. ढिगात जितके चौकोन निळ्या रेघेच्या वर होते, त्यापेक्षा जास्त चौकोन खड्ड्यात खाली होते. म्हणजे सेलमध्ये पुढची खरेदी आधी झाली एवढंच नाही, तर सेलने दुकानाची गिऱ्हाइकंच घालवली असा अर्थ निघत होता. आणि तिकडे माझा तक्ता खिशात घेऊन शेट शेत विकायला निघालेले. मी ती पट्टी गुंडाळली आणि चादरींच्या ताग्यामागे लपवली. कुणाला दाखवायची छाती झाली नाही.

तीन-चार दिवसांनी वहिनी दुकानात आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न मागच्या साली झालं होतं, जावयासाठी शर्ट-पँटचं कापड हवं होतं. मी चादरींच्या शेजारच्या ताग्याला हात घातला आणि ती पट्टी सुरकन खाली आली, वहिनींच्या पायापाशी उलगडली.

“ह्यो काय हाय गो?” त्यांनी विचारलं.

मला रडूच आलं. मी सगळं सांगून टाकलं. ढीग, खड्डा, तिप्पट, सगळं. वहिनी शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या. त्यांनी पट्टी गादीवर पसरली, खड्ड्याच्या काठाने बोट फिरवलं आणि विचारलं, “हे खाली काय लिवलायस? एप्रिल? आनि गेल्या सालचा पन एप्रिलच धरलास?”

“हो. तारखेला तारीख.”

त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चाचा उठून आले. “अगो बाय, मी जावयाला कापडं कशाला घेतेय? धोंड्याचा महिना हाय ना! या साली वैशाख दोन. आता कोनाच्या घरान लगीन हाय? धोंडा सरल्याबिगर बस्ता कोन बांधल?”

अधिक महिना! तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा येतो, त्यात लग्नं होत नाहीत, आणि पुढची सगळी लग्नं मागे सरकतात, हे साऱ्या भिवंडीला माहीत होतं. शेटना माहीत होतं, म्हणूनच त्यांनी कागद अक्षयतृतीयेवर ढकलला होता. चाचांना माहीत होतं, मुसलमान असून. माहीत नव्हतं ते फक्त मला. माहीत नव्हतं म्हणणंही खोटं, कॅलेंडरवर लिहिलेलं होतं. पण ते माझ्या घरात चालत नव्हतं, म्हणून माझ्या तक्त्यातही आलं नव्हतं.

चाचा म्हणाले, “बेटी, पिछला धोंडा तीन साल पहले था. उसका बिलबुक ऊपर माळे पे पडा है.”

मग मी नव्याने रेघ आखली. धोंड्याच्या महिन्यासमोर तीन वर्षांपूर्वीचा धोंड्याचा महिना. पुढच्या खऱ्या वैशाखासमोर गेल्या सालचा वैशाख, तारीख न बघता तिथी बघून. आणि लुंगीची एक वेगळी रेघ काढली. लुंगीवर सूट नव्हती, लुंगीला मुहूर्त नसतो. ती गेल्या वर्षी होती तिथेच सरळ चालत होती. म्हणजे बाजार वाढला नव्हता, बुडालाही नव्हता. जे काही वरखाली झालं होतं ते सेलमुळे आणि धोंड्यामुळे.

आता खड्डा उथळ झाला. अर्धा खड्डा सेलचा नव्हताच, धोंड्याचा होता. उरलेला सेलचा खड्डा अजून भरायचा होता, कारण लग्नाचे दिवस पुढे होते. तो किती मोठा होणार, कुठे संपणार, हे कसं सांगायचं? मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग माझं लक्ष चाचांच्या चिठ्ठ्यांकडे गेलं.

त्या दुपारी जे वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. सेलच्या बिलांना टाचलेल्या चिठ्ठ्या मी एकेक करून सोडवल्या आणि लग्नाच्या तारखेप्रमाणे गादीवर मांडल्या. वैशाख शुद्ध अमुक, वैशाख वद्य तमुक, ज्येष्ठ. पुढच्या दोन महिन्यांतल्या तालुक्यातल्या मांडवांची रांग माझ्यासमोर उघडी पडली होती. ही लग्नं अजून व्हायची होती. पण त्यांचा बस्ता शिमग्याच्या आधीच घरी जाऊन पेटीत पडला होता. म्हणजे वैशाखाच्या दुसऱ्या आठवड्यात दुकानात कोण येणार नाही, हे मला नावागावासकट आज माहीत होतं! न येणारी माणसं मोजता येतात हे कळून माझ्या अंगावर काटा आला. ज्या नारळाच्या रिवाजाला मी हसत होते, त्याने हे राखून ठेवलं होतं.

मी सगळं शेटसमोर मांडलं. तिप्पट चुकलं हे आधी सांगितलं, एका दमात, डोळे मिटून. शेट मग पट्टीवर वाकले. ते शेतकऱ्याचे पोर, ढीग आणि खड्डा म्हटल्यावर त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

“म्हनजे ही माती या खड्ड्यातली.”

“बरीचशी. सगळी नाही. थोडी उरेल असं वाटतंय. तेवढंच खरं वाढलेलं.”

“मॅडम, विहीर खनलीस का कधी? खड्ड्याची माती परत खड्ड्यान टाकली तरी उरतेच. माती फुगते.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुझा उरलेला खरा का फुगलेला, ते कसा कललं?”

चिठ्ठ्यांवरून केलेला एक कागद मी त्यांच्यापुढे ठेवला. या हंगामात प्रत्येक आठवड्यात गेल्या सालपेक्षा किती बस्ते कमी येतील, आणि कुठल्या आठवड्यात ही उणीव संपेल. शेटनी तो गल्ल्यामागच्या खिळ्याला टोचला.

अक्षयतृतीयेला गोदामवाला माणूस दोन जणांना घेऊन आला, कागद तयार करून. शेटनी त्यांना सरबत पाजलं आणि म्हणाले, “आज न्हाय. ज्येष्ठ सरू दे.” तो माणूस बराच तापला. म्हणाला, दुसरी शेतं पण आहेत. शेट म्हणाले, “असतील ना.” तो गेल्यावर मात्र ते माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, कागद चुकला ना तुझा, तर नवा दुकान पन गेला आनि शेताचा गिऱ्हाईक पन. मंग तुनाच त्या शेतान उभी करीन, बुजगावना म्हनून.” ते हसले नाहीत. मीही नाही.

पहिल्या आठवड्यात माझ्या कागदावर जितके बस्ते कमी यायचे होते, जवळजवळ तितकेच कमी आले, फक्त एकाचा फरक. दुसऱ्या आठवड्यात दोनाचा. तिसऱ्या आठवड्यात बरोबर तेवढेच. शनिवारी मोजायचे तेव्हा शेट, चाचा आणि मी असे तिघे त्या खिळ्यासमोर उभे राहायचो. चाचांनी एकदा कानाला हात लावून तोबा तोबा केलं. मला वाटायचं, मी काहीच केलेलं नाही. ही माणसं आपापल्या घरी मांडव घालतायत, जेवणावळी उठतायत, वराती काढतायत, आणि त्यांची कुणाचीही इकडे नजर नसताना ती सगळी मिळून माझ्या कागदावरची रेघ पाळतायत. कुणी ठरवून केलं असतं तर इतकं चोख झालं नसतं. कॉलेजात ह्याची गणितं सोडवली होती, पण त्यात माणसं असतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

ज्येष्ठ संपता संपता, कागदावर लिहिलेल्याच आठवड्यात, लाल रेघ निळीला येऊन मिळाली. खड्डा संपला. ढिगातल्या दर दहा साड्यांमधल्या आठ खड्ड्यात बसल्या. काही सेलची वाट बघत थांबलेल्यांच्या, काही लग्नाच्या बऱ्याच आधी नेलेल्या. दोन उरल्या.

“आता ही माती,” शेट म्हणाले. “खरी का फुगलेली, बघ.”

मी उरलेली बिलं घेऊन बसले. त्यातली निम्मी तर लगेच कळली. काल्हेर-खारबावकडच्या बायकांची होती, ज्या त्याआधी कधी आमच्याकडे आल्याच नव्हत्या आणि सेलनंतर पुन्हा येऊन गेल्या होत्या, पूर्ण भावाने घ्यायला. एक साडी स्वतःसाठी, नेसायला. या खऱ्या. यांना कुणी पुढून ओढून आणलं नव्हतं. मला त्या बिलांचा फार जिव्हाळा वाटला.

उरलेली निम्मी चमत्कारिक होती. चिठ्ठ्या टाचलेल्या होत्या, पण तारखेच्या जागी चाचांनी लिहिलेलं, ‘ठरायची’. मुलीचं लग्न, तारीख ठरायची. मुलगी अजून शाळेत, तारीख ठरायची. एका चिठ्ठीवर मुलगी सहा वर्षांची होती. या आया सेलच्या गर्दीत उभ्या राहून, न ठरलेल्या लग्नाची साडी घेऊन गेल्या होत्या. मी एकेक उलटत होते. आणि त्यात एक चिठ्ठी आमच्या पत्त्याची निघाली.

आईची. एक पांढरी रेशमी साडी, आमच्यात नवरी नेसते तशी. मुलीचं लग्न, तारीख ठरायची.

आई सरकारी दवाखान्यात आया होती. सेलच्या शेवटच्या दिवशी ती दुपारी आली असणार. मी गल्ल्यावर होते, तिने चाचांकडच्या टोकाला जाऊन घेतली आणि मला पत्ता लागू दिला नाही. मी चाचांकडे बघितलं तर ते साड्यांच्या घड्या घालण्यात एकदम गुंग झाले. घरी जाऊन विचारलं, “आई, साडी घेतलीस?”

“सस्ती होती म्हनून घेतली,” ती म्हणाली, चुलीकडे तोंड करून. “कापडाला काय, पडून ऱ्हायली तरी कुजत न्हाय.”

मला तिचा राग आला. मी लग्नाला नाही म्हणत होते, दोन स्थळं परतवली होती, आणि ही बाई रांगेत उभी राहून माझा वैशाख विकत घेऊन आली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्या चिठ्ठ्या शेटसमोर ठेवल्या, आईची सर्वांत वर. लपवण्यात काही अर्थ नव्हता. म्हटलं, “शेट, ह्या कुठे धरायच्या? पुढून ओढलेल्या आहेत, पण किती पुढून ते कुणालाच माहीत नाही. दोन वर्षं, दहा वर्षं. खड्डा पडेल, पण कधी ते सांगता येणार नाही.”

शेटनी चिठ्ठी वाचली. मग माझ्याकडे बघून खूप दिवसांनी पहिल्यासारखे हसले. “ह्या चिठ्ठीचा तू सांग. तू लगीन नाय केलास तर ही साडी खरी. केलास तर ओढलेली.”

चाचा हसले, मी लाजून मरायची बाकी राहिले. पण शेटनी लगेच पट्टी गुंडाळली आणि शांतपणे म्हणाले, “दहातली एक खरी. एकीवर दुकान व्हतो का? एकीवर फळी वाढते.”

आणि त्यांनी तेवढंच केलं. आमच्याच दुकानात बाजूची भिंत मागे सरकवून त्या नव्या गावांच्या बायकांसाठी एक गादी वाढवली. गोदामवाल्याला निरोप गेला, शेत विकायचं नाही. त्याने मानकोलीकडे दुसरं घेतलं, त्याचं काही अडलं नाही. लावणी लागली तेव्हा वहिनी गुडघाभर चिखलात उभ्या राहिल्या आणि नाक्यावर पुन्हा त्यांची चेष्टा सुरू झाली. सेल आम्ही पुढेही लावले, पण शेटनी भोंगा फक्त आदल्या दिवशी फिरवायचं ठरवलं. आणि दर वेळी सेल लावायच्या आधी ते पंचांग आणून माझ्यासमोर टाकायचे. “मॅडम, धोंडा बघा.”

पुढे चार वर्षांनी माझं लग्न ठरलं. एका रविवारी, सुट्टीचा दिवस सापडला म्हणून. आईने पेटीतून ती पांढरी साडी काढली. नवी करकरीत होती, फक्त घडीवर एक पिवळी रेघ आली होती. आम्ही दुकानात जाऊन बाकीचं घेतलं, पण नवरीची साडी घेतली नाही.

लग्नाला चाचा आले. नारळ आणि खण हातात होते, आणि शेरवानीच्या खिशातून त्यांनी एक कागद काढला. तीच चिठ्ठी. त्यांनी ती रद्दीत जाऊ दिली नव्हती. पेनही आणलं होतं. “बेटी, तारीख अब तू ही लिख,” ते म्हणाले. मी नेसलेल्या साडीच्या पदरावर शाई पडू नये म्हणून हात लांब धरून तारीख लिहिली. चार वर्षांपूर्वीच्या त्या ढिगातली एक साडी आज आपल्या खड्ड्यात जाऊन बसली होती, आणि तो खड्डा मी होते.

शेट आणि वहिनी जरा उशिरा आले. रिक्षातून एक पोतं उतरवलं. आदल्या रात्री आमच्याकडे तांदूळ कमी पडणार म्हणून आई काळजीत होती, हे त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही. मांडवात त्या दिवशी जो भात वाढला तो अंजूरच्या खाडीकडच्या शेतातला होता. वहिनी स्वतः पंगतीत फिरून वाढत होत्या.